पोटातलं पाणी: एक वजाबाकी आणि एक गुणाकार

पोट फुगलंय, बेंबी बाहेर आलीय, सोनोग्राफीत 'पोटात पाणी' लिहून आलंय. वैद्यकीय भाषेत हा जलोदर. इथवर निदान सोपं असतं, पण जलोदर हा आजार नव्हे, आजाराचं चिन्ह आहे. पाणी लिव्हर खराब झाल्यामुळे साठतं, हृदय कमजोर झाल्यामुळे साठतं, टीबीमुळे साठतं आणि कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरल्यामुळेही साठतं. चारही रुग्ण बाहेरून जवळपास सारखेच दिसतात: हातपाय काड्यांसारखे आणि पोट टम्म. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. लिव्हरच्या रुग्णाला चुकून टीबीची औषधं सुरू केली, तर त्यातली तीन मुख्य औषधं लिव्हरलाच इजा करू शकतात. म्हणून अंदाजावर न जाता ते पाणी थोडं बाहेर काढून तपासायचं.

काढण्याची कृती ऐकायला भीतिदायक आणि करायला साधी आहे. रुग्णाला लघवी करून यायला सांगतात, म्हणजे मूत्राशय सुईच्या वाटेत येत नाही. मग उताणं झोपवून पोटाच्या डाव्या खालच्या भागात, कमरेच्या हाडाचं जे टोक हाताला लागतं त्याच्या दोन बोटं वर आणि दोन बोटं आत जागा ठरवतात. तिथे पाणी जास्त असतं, पोटाची भिंत पातळ असते आणि मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला राहतात. सोनोग्राफीचं यंत्र जवळ असेल तर त्यावर खात्री करून घेतात. कातडी बधिर करून सुई घालायची आणि सिरिंज मागे ओढायची. निदानासाठी ३० ते ५० मिलिलिटर पुरतं. लिव्हरच्या रुग्णाचं रक्त उशिरा गोठतं, रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर हा आकडा वाढलेला असतो, म्हणून 'आधी प्लाझ्मा चढवू, मग सुई घालू' असा हट्ट पुष्कळ ठिकाणी दिसतो. एरवी त्याची गरज नसते. गंभीर रक्तस्राव इतका विरळा होतो की त्या भीतीने तपासणी लांबवण्याचाच धोका मोठा ठरतो.

त्या पाण्यावर डझनभर तपासण्या करता येतात आणि रिपोर्टचं पान भरून जातं. पण पहिल्या दिवशी उपचाराची दिशा ठरते ती दोन आकड्यांवर. एक वजाबाकीने मिळतो, दुसरा गुणाकाराने. वजाबाकी सांगते की पाणी का साठलं. गुणाकार सांगतो की त्या पाण्यात आत्ता जंतुसंसर्ग पेटलाय का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या आकड्यात शोधायला गेलं की घोटाळा होतो.

आधी वजाबाकी. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन मोजायचं, पाण्यातलं अल्ब्युमिन मोजायचं आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उत्तर १.१ किंवा त्याहून जास्त आलं (ग्रॅम प्रति डेसिलिटर), तर पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांचं रक्त लिव्हरकडे नेणाऱ्या शिरेत, दाब वाढलेला आहे. १.१ पेक्षा कमी आलं, तर दाब हे कारण नाही, दुसरं शोधा. इंग्रजी आद्याक्षरांवरून या फरकाला डॉक्टर मंडळी 'साग' म्हणतात.

हा फरक नेमकं काय मोजतो? श्रीखंडासाठी चक्का बांधतो ते आठवा. दही फडक्यात घट्ट बांधून वर वजन ठेवलं की पाणी खाली ठिबकतं आणि घट्ट भाग फडक्यात राहतो. वजन जितकं जास्त, तितकं वरचं आणि खालचं यांतलं अंतर वाढत जातं. पोर्टल शिरेतला दाब म्हणजे ते वजन. दाबामुळे रक्तातलं पाणी बाहेर ढकललं जातं, अल्ब्युमिनचे मोठे रेणू बरेचसे मागे राहतात. उलट फडकंच विरलेलं असेल तर वजन नसतानाही दही पाण्याबरोबर खाली येतं. टीबी किंवा कॅन्सरने पोटाच्या अस्तराला सूज आली की असंच होतं. अल्ब्युमिन सरळ पाण्यात उतरतं, रक्तातला आणि पाण्यातला आकडा जवळजवळ येतो, फरक लहान राहतो.

याआधी अनेक वर्षं फक्त पाण्यातलं एकूण प्रोटीन पाहत. २.५ च्या वर असेल तर सुजेचं पाणी, खाली असेल तर दाबाचं पाणी, असा सरळ हिशेब होता. पण तो सारखा फसायचा. हृदय कमजोर झालेल्या रुग्णात पाणी दाबानेच साठतं, तरी प्रोटीन २.५ च्या वर जातं, कारण त्याच्या लिव्हरमधल्या बारीक वाहिन्या अजून निरोगी, म्हणजे निसर्गतः सच्छिद्र असतात. त्यांतून प्रोटीन सहज झिरपतं. सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होऊन जातं त्या आजारात, त्याच वाहिन्यांवर जाड थर चढलेला असतो, म्हणून पाणी प्रोटीनविना पातळ येतं. अमेरिकेतले लिव्हरतज्ज्ञ ब्रूस रुनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये रक्त आणि पाण्याच्या ९०१ जोड्या तपासून दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या. वजाबाकीने सुमारे ९७ टक्के वेळा बरोबर वर्गवारी केली, जुन्या प्रोटीनच्या पद्धतीने जेमतेम ५६ टक्के. नाणं उडवूनही पन्नासपर्यंत पोचता येतं! तरीही 'एक्झुडेट की ट्रान्झुडेट', म्हणजे सुजेचं पाणी की दाबाचं, असे शेरे मारलेले रिपोर्ट अजून फिरतात.

जुना आकडा टाकून द्यायचा नाही, फक्त त्याची पायरी खालची. वजाबाकीने दाब आहे असं सांगितलं की मग प्रोटीनकडे पाहायचं. फरक मोठा आणि प्रोटीन २.५ च्या आत, तर बहुधा सिरोसिस. फरक मोठा आणि प्रोटीन २.५ किंवा वर, तर हृदयाकडे वळा, मानेच्या शिरा फुगल्यात का पाहा, इको काढा.

आता गुणाकार. रिपोर्टमध्ये एका घनमिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी किती ते लिहिलेलं असतं आणि खाली त्यांची टक्केवारी: जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल इतके टक्के, लिम्फोसाइट इतके टक्के. एकूण पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणायचं. उत्तर २५० किंवा त्याहून जास्त आलं, तर पाण्यात जंतुसंसर्ग आहे असं धरून त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करायचं, जंतू उगवून पाहणाऱ्या कल्चरच्या रिपोर्टची वाट पाहायची नाही. नुसती एकूण संख्या फसवते आणि नुसती टक्केवारीही फसवते. एकूण १५० पेशी आणि त्यात ९० टक्के न्यूट्रोफिल म्हणजे १३५, हा संसर्ग नव्हे. एकूण ९०० आणि फक्त ४० टक्के म्हणजे ३६०, हा संसर्ग. टक्केवारी पाहून पहिल्याला घाबरणारे आणि दुसऱ्याला सोडून देणारे लोक असतात. रिपोर्टमध्ये हा गुणाकार करून दिलेला नसतो, आपणच करावा लागतो.

सुई जाताना एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली आणि पाणी लालसर आलं, तर रक्ताबरोबर रक्तातले न्यूट्रोफिलही पाण्यात येतात. मग दर २५० लाल पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा करतात. लाल पेशी ५०,००० आणि न्यूट्रोफिल ४०० असतील, तर २०० वजा, उरले २००. म्हणजे रेषेच्या खाली.

हे दोन आकडे एकाच माणसात कसे वागतात, ते पाहायला एक नमुना रुग्ण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण मेडिसिनच्या वॉर्डात असा रुग्ण नसलेला आठवडा सापडणं कठीण.

सेहेचाळीस वर्षांचा ट्रक ड्रायव्हर. वीस वर्षं रोजची दारू. दोन महिन्यांत पोट फुगलं, डोळे किंचित पिवळे. पहिल्यांदा पाणी काढलं तेव्हा ते स्वच्छ, फिकट पिवळं होतं. रक्तातलं अल्ब्युमिन २.३, पाण्यातलं ०.४. फरक १.९, म्हणजे दाबाचं पाणी. प्रोटीन ०.९, म्हणजे सिरोसिसकडे बोट. पेशी ३००, त्यात न्यूट्रोफिल २५ टक्के, म्हणजे ७५. संसर्ग नाही. मीठ कमी केलं, लघवी वाढवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्रुसेमाइडच्या गोळ्या सुरू झाल्या, दारू बंद. पाच आठवड्यांत वजन सात किलोंनी उतरून ६० वर आलं.

मग संध्याकाळी अंग कसकसतं म्हणून तो दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेला. तिथे पुन्हा पाणी काढलं. रिपोर्ट: एकूण पेशी १,१००, लिम्फोसाइट ८६ टक्के, न्यूट्रोफिल ८ टक्के. आपल्याकडे पोटाचा टीबी इतका दिसतो की लिम्फोसाइट ८६ टक्के वाचताच हात एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या गोळ्यांच्या चिठ्ठीकडे जातो. घरच्यांनाही सांगून झालं, 'टीबीचं पाणी आहे, सहा महिने औषध.'

थांबून दोन्ही आकडे मांडू. त्याच दिवशीच्या रक्तात अल्ब्युमिन २.५, पाण्यात ०.८, फरक १.७. दाब जिथल्या तिथे आहे. न्यूट्रोफिल १,१०० चे ८ टक्के, म्हणजे ८८. पाच आठवड्यांपूर्वी ७५ होते, म्हणजे जवळपास तेवढेच. मग एकूण पेशी तिपटीहून जास्त कशा झाल्या? गोळ्यांनी पाणी कमी झालं आणि आतलं सगळं दाट झालं. प्रोटीनही ०.९ वरून १.९ वर गेलेलं आहे, तीच खूण. लिम्फोसाइट दीर्घायुषी असतात, पाणी आटलं तरी त्या मागे राहतात, म्हणून त्यांचा आकडा चढतो. न्यूट्रोफिल काही तासांच्या पाहुण्या, साठून राहत नाहीत. म्हणूनच २५० ची रेषा लघवीच्या गोळ्या चालू असतानाही विश्वासाची राहते आणि एकूण पेशींची राहत नाही.

मग टीबी नाही असं ठामपणे म्हणता येईल? नुसत्या वजाबाकीवर नाही, आणि ही तिची सर्वांत महत्त्वाची मर्यादा आहे. ज्याला सिरोसिस आहे त्यालाच टीबीही झाला, तर दाब तसाच असतो आणि फरकही मोठाच राहतो. फरक १.१ च्या खाली आला तर टीबीचा संशय वाढतो, पण वर राहिला म्हणून सिरोसिसच्या रुग्णातला टीबी बाद होत नाही. इथे पाण्यातल्या एडीए नावाच्या एन्झाइमची मदत होते. ते साधारण ४० च्या आसपास किंवा वर असेल तर टीबीची शक्यता बरीच. सिरोसिसच्या पातळ पाण्यात हा आकडा टीबी असूनही थोडा खाली राहू शकतो, म्हणून २५-३० आला तरी निश्चिंत होत नाहीत. आपल्या रुग्णात तो ११ आला. सीटी स्कॅनमध्ये अस्तर जाड नव्हतं, गाठी नव्हत्या. एकेटी सुरू केली नाही, लक्ष ठेवायचं ठरलं. एडीए मधलं आलं असतं तर दुर्बिणीतून पोटात पाहून अस्तराचा तुकडा काढणं हा खात्रीचा मार्ग होता. पाण्यात टीबीचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच दिसतात आणि टीबीच्या जंतूंचे जनुक शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली तरी पोटाचा टीबी असू शकतो. तिथे नकाराला फारसं वजन नाही, होकाराला आहे.

पुढे काय झालं? गोळ्यांनी सारखं लघवीला जावं लागतं, गाडी चालवताना जमत नाही, म्हणून त्याने त्या बंद केल्या. ही तक्रार खरी असते आणि ओपीडीत ती विचारायला कुणाला वेळ नसतो. तीन आठवड्यांत पोट पुन्हा भरलं. एका सकाळी घरच्यांनी त्याला आणलं: पोटात मंद दुखतंय, रात्रभर असंबद्ध बोलत होता. ताप ९९.५. पोट दाबलं तर फारसं कडक नाही. इथे पुष्कळांना वाटतं की पोटात संसर्ग असता तर पोट लाकडासारखं झालं असतं. जलोदरात तसं होत नाही, पाणी मधे असल्याने सुजलेले थर एकमेकांवर घासतच नाहीत. म्हणून नियम साधा आहे: पोटात पाणी असलेला सिरोसिसचा रुग्ण कोणत्याही कारणाने दाखल झाला, तरी शक्यतो १२ तासांच्या आत पाणी तपासायचं.

पाणी किंचित गढूळ. पेशी १,४००, न्यूट्रोफिल ७५ टक्के. गुणाकार: १,०५०. जंतुसंसर्ग, तोही उघड. आणि वजाबाकी? रक्तात २.२, पाण्यात ०.४, फरक १.८. पहिल्या दिवशी होता जवळपास तेवढाच. पाण्यात जंतू वाढत असताना अल्ब्युमिनच्या फरकाने त्याची दखलही घेतली नाही, कारण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. 'साग तर सिरोसिसचाच आहे' म्हणून पेशींच्या रकान्याकडे न पाहणाऱ्याने हा रुग्ण गमावला असता.

संसर्ग कुठून आला? आतड्यातले जंतू भिंत ओलांडून पाण्यात पोचतात. पाण्यात प्रोटीन कमी, म्हणजे जंतूंना पकडून देणारी संरक्षक प्रथिनंही कमी. १.५ च्या खाली प्रोटीन असलेलं पाणी या संसर्गाला जास्त बळी पडतं. गोळ्या थांबल्या, पाणी भरलं, प्रोटीन पुन्हा ०.९ वर उतरलं होतं. मात्र याच आकड्यांमागे आतडं फुटलेलंही असू शकतं आणि ते अँटिबायोटिकने भागत नाही, शस्त्रक्रिया लागते. ओळखायचं कसं? फुटलेल्या आतड्यात पाण्यातली साखर ५० च्या खाली जाते, प्रोटीन १ च्या वर, एलडीएच हे एन्झाइम रक्तातल्या सामान्य पातळीच्या वर, आणि कल्चरमध्ये एकाऐवजी अनेक प्रकारचे जंतू येतात. यातलं दोन-तीन जुळलं की लगेच सीटी. आपल्या रुग्णाची साखर ९० होती, एलडीएच कमी होतं.

कल्चरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सोपी आहे आणि तरी होत नाही. पाणी साध्या बाटलीत भरून लॅबला पाठवलं की निम्म्या रुग्णांत जंतू उगवतच नाहीत. तेच पाणी खाटेजवळच, रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत १० मिलिलिटर घातलं तर उगवण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जातं. जंतू मुळातच थोडे असतात, बाटलीतल्या द्रवात त्यांना ताबडतोब पोषण मिळावं लागतं. पेशींसाठी वेगळी, जांभळ्या झाकणाची बाटली, नाहीतर पाण्यात गुठळी होते, पेशी तिच्यात अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो.

वजाबाकी बिघडते तीही अशाच साध्या कारणांनी. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पाणी आजचं आणि रक्ताचं अल्ब्युमिन गेल्या आठवड्यातलं, तेही मधे अल्ब्युमिनची बाटली चढवलेली असताना. दोन्ही नमुने एकाच दिवशी, शक्य तर एकाच तासात घ्यायचे. दुसरं, पाण्याचं अल्ब्युमिन मागवलेलंच नसतं, फक्त प्रोटीन मागवलेलं असतं, आणि प्रोटीनवरून अल्ब्युमिनचा अंदाज करता येत नाही. तिसरं, रुग्णाचा रक्तदाब फारच खाली गेलेला असेल तर पोर्टल शिरेतला दाबही तात्पुरता उतरतो आणि फरक खोटा लहान दिसतो. रक्तातलं अल्ब्युमिनच १.१ च्या खाली असेल तर फरक १.१ पर्यंत पोचणार कसा, हेही उघड आहे. उत्तर १.० किंवा १.१ असं उंबरठ्यावर आलं तर त्यावर निदान ठोकू नये, काही दिवसांनी पुन्हा मोजावं.

कॅन्सरचंही तसंच, फरक लहान आला म्हणजे कॅन्सर आणि मोठा आला म्हणजे नाही, असं गणित नाही. अस्तरावर पसरलेल्या कॅन्सरमध्ये फरक लहान असतो आणि पाण्यात कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा सापडतात. पण लिव्हर गाठींनी भरून गेलं असेल तर कारण दाबाचंच, फरक मोठा, आणि पाण्यात कॅन्सरची एकही पेशी नाही.

आपल्या रुग्णाला तासाभरात सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक सुरू झालं. सोबत अल्ब्युमिन, कारण या संसर्गात माणूस बऱ्याचदा जंतूंमुळे जातो त्यापेक्षा मूत्रपिंडं बंद पडून जातो. स्पेनमध्ये झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँटिबायोटिकबरोबर अल्ब्युमिन दिल्यावर मूत्रपिंडं बिघडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. मात्रा वजनावर: पहिल्या दिवशी किलोला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. ६० किलोंना ९० ग्रॅम आणि मग ६० ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असतात, म्हणजे पहिल्याच दिवशी साडेचार बाटल्या. औषध महाग आहे, नातेवाइकांची धावपळ होते, आणि बरेचदा इथेच अर्धी मात्रा देऊन भागवलं जातं.

४८ तासांनी पुन्हा सुई, पुन्हा तोच गुणाकार. न्यूट्रोफिल १,०५० वरून २६० वर. पहिल्या आकड्याच्या किमान पाव हिश्शाने उतरायला हवे होते, ते तीन चतुर्थांशांनी उतरले, म्हणजे औषध लागू पडलं. उतरले नसते तर अँटिबायोटिक बदललं असतं आणि फुटलेल्या आतड्याचा शोध पुन्हा सुरू झाला असता. कल्चरमध्ये एकच जंतू आला, ई. कोलाय, सेफोटॅक्सिमने मरणारा. घरी जाताना रोजचं प्रतिबंधक अँटिबायोटिक लिहून दिलं, कारण एकदा झालेला हा संसर्ग वर्षभरात परतण्याची शक्यता मोठी असते. लिव्हर ट्रान्सप्लांटच्या ओपीडीची चिठ्ठीही दिली, आणि लघवीच्या गोळ्या सकाळी, गाडीवर जायचं नाही त्या वेळेला घ्यायच्या असं ठरवून दिलं.